स्मॅश पायातून येतो

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा माझ्या सामानात दोन रॅकेट होत्या. कॉलेजात मी चार वर्षं बॅडमिंटन खेळले होते. सासरे तरुणपणी आपल्या कंपनीच्या संघातून खेळत, हे मला स्थळ आलं तेव्हाच कळलं होतं. घरात मात्र ते फारसे बोलत नसत. सकाळी पेपर, मग कंपनी, संध्याकाळी बातम्या. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे जेवताना ‘वरण वाढ’ एवढंच.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एका मंडळाचा हॉल होता. लग्नसराईत तिथे लग्नं लागत आणि एरवी सकाळ-संध्याकाळ बॅडमिंटन. छत उंच, जमीन लाकडी, कोर्टाच्या रेघा पिवळ्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खेळायला गेलं की कोपऱ्यात अक्षता सापडत. त्यांच्यावरून पाय घसरे, म्हणून आधी झाडू मारायचा. शटल वाऱ्याने वाहू नये म्हणून पंखे बंद. त्या हॉलला झेंडूचा, घामाचा आणि आदल्या दिवशीच्या मसालेभाताचा असा मिळून एक वास होता. अजूनही एखाद्या कार्यालयात शिरताना तो येतो आणि माझी टाच आपोआप उचलली जाते.

पहिल्या रविवारी सासरे मला हॉलवर घेऊन गेले. मी दणादण स्मॅश मारून दाखवले. ते बाकावर बसून बघत राहिले. नंतर विचारलं, ‘‘खांदा दुखतो का गं?’’

दुखायचाच. कॉलेजात असल्यापासून दुखायचा. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

‘‘दुखणारच. सगळं काम एकट्या हाताकडून करून घेतेस. स्मॅश पायातून येतो. हात शेवटी असतो.’’

मग त्यांनी शिकवायला घेतलं आणि पहिल्याच मिनिटाला अडचण उभी राहिली. कंबर कधी वळायची हे नुसतं सांगून कळत नाही. शिकवणारा कमरेला धरून वळवतो. आता सासऱ्यांनी सुनेच्या कमरेला हात लावायचा कसा? ते दोन पावलं पुढे आले, थांबले आणि परत बाकाकडे गेले. मीही छताकडे बघत उभी राहिले.

पुढच्या रविवारी ते सासूबाईंना घेऊन आले. मी त्यांना आई म्हणत असे. आईंनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नव्हती. चहाचा थर्मास आणि विणकाम घेऊन आल्या होत्या. सासरे कोर्टाच्या बाहेर उभं राहून सांगत आणि आई पदर खोचून माझ्या मागे उभ्या राहून मला वळवत.

‘‘तिला आधी आडवी उभी कर. डावा खांदा जाळीकडे. वजन उजव्या पायावर. डावा हात वर, शटलकडे. आता उजव्या पायाने जमीन ढकलू दे. मग कंबर. खांदा नको, अजून नको. आधी कंबर.’’

आई माझी कंबर जाळीकडे वळवत आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा मागे धरून ठेवत. तेव्हा पोटावर, पाठीवर एक ताण येई. तो ताण आला की सासरे म्हणत, ‘‘आता सोड.’’ आई खांदा सोडत, धड वळे, डावा हात पोटाशी ओढला जाई आणि उजवं कोपर पुढे वर जाई. रॅकेट मात्र अजून पाठीमागेच लोंबत असे. ती मागे राहिली पाहिजे, हे सासऱ्यांचं ठाम मत होतं. पायाने दिलेला जोर कमरेला मिळतो, कंबर तो धडाला देते, धड खांद्याला. प्रत्येकाने आधीच्याची वाट बघायची. सगळे एकदम निघाले की जोर वाटेतच संपतो.

शेवटचा भाग मला काही केल्या जमेना. माझी रॅकेटची पकडच चुकीची होती. उलथनं धरतात तशी मी रॅकेट धरत असे, त्यामुळे नुसतं मनगट पुढे झुके. सासऱ्यांनी पकड बदलायला लावली, हस्तांदोलन करावं तशी. आता शटल फटकन तिरकं जाऊ लागलं. ते म्हणाले, लोक मनगट मनगट म्हणतात, पण कोपरापासून पुढचा सगळा हात फिरला पाहिजे. तळवा आधी कानाकडे, मग बाहेर. मनगटाचा झटका अगदी शेवटी, आणि बोटं आवळायची ती शटल लागताना, त्याआधी नाही. मी मान डोलावली, पण हाताला काही ते पटेना.

आई म्हणाल्या, ‘‘अगं, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडतेस ना, तसा फिरव.’’

सासरे क्षणभर आपलाच हात हवेत फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’

कितीतरी रविवार असे गेले. घरीही आई पोळ्या लाटता लाटता म्हणत, ‘‘करून दाखव बघू.’’ मी स्वयंपाकघरात रॅकेटशिवाय पाय, कंबर, खांदा करून दाखवत असे. माझे मिस्टर दारात उभे राहून हसत. मी घरून सलवार-कमीज घालून खेळायला जाई, तर आईंनीच सांगितलं, ‘‘त्यात पाय अडकतात. स्कर्ट घाल. कोण काय म्हणतं ते मी बघते.’’ आणि खांदा दुखायचा कधी थांबला, हे मला नंतर आठवून बघितलं तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात अंधेरीला स्पर्धा होती. मी उपांत्य फेरीपर्यंत गेले. समोरची मुलगी माझ्याहून लहान, चपळ. तेव्हा बायकांचा गेम अकरा गुणांचा असे आणि सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळे, त्यामुळे एकेक गेम लांबत जाई. पहिला मी घेतला, दुसरा तिने. दुसऱ्यात माझे सगळे स्मॅश ती आरामात उचलत होती. तिसऱ्याआधीच्या विश्रांतीत सासरे आणि आई जवळ आले. आईंनी टॉवेल दिला आणि त्याच म्हणाल्या,

‘‘पाय झोपलेत तुझे. पुन्हा एकट्या हाताने मारतेयस.’’

खरंच होतं. दमले तशी मी शटलखाली पोचत नव्हते, तिथूनच हात टाकत होते. तिसऱ्या गेममध्ये मी आधी शटलच्या मागे जायचं, एवढंच ठरवलं. गेमच्या मध्यावर एक उंच शटल आलं. मी मागे पोचले, जमीन ढकलली, आणि पुढचं काहीच मी केलं नाही, ते होत गेलं. शटल माझ्या पुढे, उंचावर लागलं. आवाज वेगळाच आला, कोरडा. हवेतच पाय बदलले, डावा मागे टेकला, आणि मी जाळीकडे निघाले तोवर शटल तिच्या पायाशी पडलेलं होतं. तिने रॅकेटही उचलली नव्हती.

तो सामना मी हरले. पण तसे आणखी काही स्मॅश बसले. परतताना बसमध्ये सासरे माझ्याशी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत बोलत होते. मी घरात आल्यापासून इतकं पहिल्यांदाच. आपल्या जुन्या सामन्यांबद्दल, गुडघा कसा गेला त्याबद्दल. आई खिडकीशी बसून झोपल्या होत्या.

पुढच्या रविवारी हॉलवर सासऱ्यांनी माझी दुसरी रॅकेट आईंपुढे धरली. ‘‘तू मार आता.’’

‘‘काहीतरीच तुमचं.’’

पण त्यांनी रॅकेट घेतली. पदर खोचला, आडव्या उभ्या राहिल्या, डावा हात वर केला. बांगड्या कोपराकडे सरकल्या. मी पलीकडून शटल उंच दिलं. पहिलं त्यांना लागलंच नाही. दुसरं जाळीत. सासरे म्हणाले, ‘‘घाई नको. आधी पाय.’’ आता त्यांना दोन पावलं पुढे येऊन मागे फिरायची गरज नव्हती. त्यांनी सरळ जाऊन आईंच्या कमरेला धरलं आणि वळवून दाखवलं. बाकावरची मुलं बघत होती. आईंचे कान लाल झाले, पण त्या हलल्या नाहीत.

मी पुन्हा शटल दिलं.