शाळा कोणी सोडली?

सोमवार, २९ जून २००९. सहाला उठले. रात्री डासांनी झोपू दिलं नाही. साडेसातच्या आत वेर्चेल्लीला पोहोचले, भातखाचरांत पाणी भरपूर आहे. आज तिसरा पेपर. इतिहासाच्या प्रश्नावर तास-दीड तास गेला. ओर्मेयाने माझ्याच पुस्तिकेतलं वाक्य घेतलं होतं. नोएमीबाईंची आठवण आली.

एर्सिलिया गाबुत्ती यांच्या वहीत त्या दिवसाची सुरुवात अशी आहे. वही त्रेपन्नावी. पहिली त्यांनी दहाव्या वर्षी घेतली, इटलीतल्या कासाले गावी, नन्सच्या शाळेत, सिस्टर चेलेस्तिनांच्या धाकाने. या सिस्टर लॅटिन शिकवत. वाक्य वाचून झालं की फळ्यावर पट्टी आपटून विचारत, "कर्ता कुठे गेला?" कोणी म्हणालं, "सिस्टर, खिडकी फुटली," तर त्या म्हणत, "खिडक्या आपणहून फुटत नाहीत, बाळ. कोणी फोडली?" पुढे नवरा बातिस्ता भातगिरणीतल्या यंत्रांत हात काळे करून घरी येई आणि म्हणे, "कप हातातून निसटला." त्यावर एर्सिलियाबाई म्हणत, "निसटला की तू सोडलास?" बातिस्ता जाऊन अकरा वर्षं झाली. कर्ता शोधायची खोड मात्र गेली नाही.

चाळीस वर्षं इतिहास शिकवून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. यंदा त्यांना वेर्चेल्लीच्या एका विद्यालयात शालान्त परीक्षा मंडळाच्या अध्यक्ष म्हणून नेमलं होतं. पहिले दोन पेपर मंत्रालयाकडून बंद पाकिटात येतात. तिसरा मात्र मंडळानेच काढायचा, आणि तोही त्याच दिवशी सकाळी, सगळ्यांनी एकत्र बसून. प्रत्येक शिक्षक आपापले प्रश्न आणतो, मंडळ ते तपासतं, मग झेरॉक्स निघतात. साडेदहाला बावीस मुलं बाकांवर बसणार होती. आठ वाजता शिक्षकांच्या खोलीत कॉफीचे कप आले आणि कामाला सुरुवात झाली.

लॅटिन झालं, विज्ञान झालं, इंग्रजी झालं. मग इतिहासाचे शिक्षक एत्तोरे ओर्मेया यांनी आपला कागद पुढे सरकवला. बत्तीस वर्षांचे, नीटनेटके, कामात चोख. कागदासोबत त्यांनी एक पातळ निळी पुस्तिकाही आणली होती. कासालेच्या शाळांचा १९३८ सालचा इतिहास. लेखिका एर्सिलिया गाबुत्ती, १९८८.

"अध्यक्षबाईंचा मान राखलाय हं," ओर्मेया हसून म्हणाले. "उतारा तुमच्याच पुस्तकातला आहे."

"बघा, बघा. बाईंना लाच!" लॅटिनच्या पिएरा बालोक्को म्हणाल्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही नसायचं.

एर्सिलियाबाईंनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं:

*जर्मनीच्या दबावाखाली १९३८ साली वंशकायदे आले. त्या शरदात अनेक ज्यू मुलींनी शाळा सोडली. या कायद्यांचा इटालियन आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या जीवनावर झालेला परिणाम दहा ओळींत लिहा.*

मधलं वाक्य पुस्तिकेतलं होतं, शब्दन्‌शब्द. बाईंनी ते एकदा वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. कॉफी हातातच राहिली.

१९८८च्या हिवाळ्यात पुस्तिका निघाल्यावर आठवडाभरात नोएमी जोना त्यांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. पासष्ट वर्षांच्या, हातमोजे घातलेल्या, हातात क्रूमिरी बिस्किटांचा डबा. बसल्या, बिस्किटं काढली आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय तुम्ही, प्रोफेसर. फक्त एक चूक आहे. मी शाळा सोडली नव्हती. मला शाळा आवडायची हो."

एर्सिलियाबाईंनी शाळेचं जुनं हजेरीपुस्तक पाहून ते वाक्य लिहिलं होतं. सात मुलींच्या नावांपुढे तिथल्या कारकुनाने एकच शब्द लिहिला होता: रितिराता. म्हणजे स्वतःहून नाव काढलं. कारकुनाला तो शब्द सोपा वाटला, आणि पन्नास वर्षांनी एर्सिलियाबाईंनी तो जसाच्या तसा उचलला. नोएमीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. नवं दप्तर आणलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून सांगितलं की मुलीला आता पाठवू नका. "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करते," एर्सिलियाबाई म्हणाल्या होत्या. दुसरी आवृत्ती निघाली नाही. नोएमीबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. आणि तेच वाक्य आता बावीस मुलांसमोर, शिक्का मारलेल्या प्रश्नपत्रिकेवर, खरं म्हणून जाणार होतं.

"प्रोफेसर ओर्मेया," बाई म्हणाल्या, "हे वाक्य चूक आहे."

"पण ते तर तुमचं आहे!"

"म्हणूनच सांगतेय. चूक माझी आहे."

 बालोक्कोबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"मुलींनी शाळा सोडली नाही," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "त्यांना काढलं. मी हजेरीपुस्तकावर विश्वास ठेवला, आणि ते पुस्तक काढणाऱ्यांनी लिहिलेलं होतं. ज्याने हाकललं त्याच्याच वहीत 'पाहुणा निघून गेला' असंच असणार ना?"

ओर्मेयांचे कान लाल झाले होते. "मग तेवढा शब्द बदलू. बाकी ठीक आहे?"

"नाही हो. 'जर्मनीच्या दबावाखाली' हे कुठून घेतलंत?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात, कारण ऐकायला बरं वाटतं. शेजाऱ्याने करायला लावलं! बर्लिनने हे कायदे मागितल्याचा कागद मला आजवर कुणी दाखवलेला नाही. ऑगस्टमध्ये ज्यूंची शिरगणती आपल्याच लोकांनी केली, सप्टेंबरात हुकूम आपल्याच सरकारने काढला, त्यावर सही आपल्याच राजाची आहे. मुलांना तुम्ही प्रश्नातच उत्तर देताय, आणि तेही चुकीचं. एखाद्या मुलीने बरोबर लिहिलं तर प्रश्नालाच खोटं पाडावं लागेल तिला. पंधरा गुणांच्या पेपरात असं धाडस कोण करेल?"

ओर्मेयांनी पेन उचललं, 'दबाव' खोडलं. मग स्वतःच थबकले. "आणि हे... 'इटालियन आणि ज्यू विद्यार्थी'."

"हं. बोला."

"ते इटालियनच होते. त्यांना वेगळं काढणं हे त्या हुकुमाचं काम. मी पण तेच केलंय." त्यांनी डोक्याला हात लावला. "माझी आजी म्हणायची, एत्तोरे, तू हुशार आहेस पण घाईत आहेस."

"आजी शहाणी होती," बालोक्कोबाई म्हणाल्या. मग घड्याळाकडे पाहून, "सव्वानऊ. मी म्हणते, हा प्रश्नच काढून टाका. शीतयुद्ध विचारा. परीक्षेत असलं दुःखाचं कशाला? कुणाच्या घरातलं निघालं तर पोर रडत बसेल."

इंग्रजीच्या तरुण शिक्षिका लुईजेल्ला यांचं मत वेगळं होतं. "उलट, त्यांना वाटू दे! 'तू १९३८ची ज्यू मुलगी आहेस, मैत्रिणीला पत्र लिही.' माझ्या वर्गात फार छान लिहितात."

"नको," एर्सिलियाबाई लगेच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पट्टी आपटल्यासारखा वाटला. "त्या मुलीचं दुःख कुणी जास्त चांगलं रंगवलं म्हणून मी पंधरापैकी तेरा द्यायचे? आणि ज्या पोराला रंगवता आलं नाही त्याला सात? आणि बाकांवर खरंच कुणी त्या घरातलं असलं, तर त्याने आपल्या आजीचं सोंग आणायचं? दुःखाला गुण देत नाहीत, लुईजेल्ला. माहितीला देतात, विचाराला देतात." मग त्या बालोक्कोबाईंकडे वळल्या. "आणि पिएरा, गाळायचं नाही. वर्षभर शिकवलंय ओर्मेयांनी. न विचारणं ही काळजी नाही. नीट विचारणं ही काळजी."

"बरं बाई, बरं," पिएरा म्हणाल्या. "पण साडेदहाला झेरॉक्स मशीन रुसलं तर दोष माझा नाही."

मग सगळे कागदावर वाकले. उताऱ्यासाठी पुस्तिका बाजूला ठेवली आणि पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टातून मूळ हुकुमाची एक ओळ घेतली. तारीख वर, अवतरणचिन्हं दोन्हीकडे, म्हणजे 'ज्यू वंशाचे विद्यार्थी' हे शब्द राजवटीचे आहेत, मंडळाचे नाहीत, हे मुलांना दिसावं. प्रश्न मात्र अडत होता. ओर्मेयांनी लिहिलं, "विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले."

"कर्ता कुठे गेला?" एर्सिलियाबाईंच्या तोंडून निघालं.

ओर्मेयांनी मान वर करून पाहिलं, आणि हसले. शेवटी कागदावर उतरलं ते असं:

*५ सप्टेंबर १९३८च्या हुकुमाने मुसोलिनीच्या सरकारने ज्यू इटालियन विद्यार्थ्यांना व शिक्षकांना सरकारी आणि सरकारमान्य शाळांतून काढून टाकले. हा निर्णय कोणी घेतला, शाळांत तो कोणी अमलात आणला, आणि काढलेल्यांच्या शिक्षणाचे पुढे काय झाले, ते दहा ओळींत स्पष्ट करा.*

गुणदानाची टिपणंही लगोलग झाली. ज्यू समाजाने स्वतः उभ्या केलेल्या शाळांचा उल्लेख आला तर गुण. मुख्याध्यापक-कारकुनांची नावनिशी नको, पण त्यांचं काम ओळखलं तर गुण. 'जर्मनीने भाग पाडलं' लिहिलं तर ते मत मानायचं नाही, चूक धरायची; पण बाकीचं उत्तर त्यावरून बुडवायचं नाही.

मंडळाच्या इतिवृत्तात काय लिहायचं, हे सचिव म्हणून लुईजेल्लांनी विचारलं. "इतिहासाचा प्रश्न सर्वानुमते सुधारला, एवढं पुरे ना?"

"पुरे नाही. लिही: मूळ उताऱ्यातील विधान अध्यक्षांच्या १९८८च्या पुस्तिकेतील असून ते चुकीचे आहे, असे अध्यक्षांनी स्वतः सांगितले."

"बाई, हे दप्तरात कायमचं राहील," ओर्मेया हळूच म्हणाले.

"हजेरीपुस्तकही राहिलं होतं," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "लिही, मुली."

लुईजेल्लांनी लिहिलं. बाईंनी खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा ठळक.

साडेदहाला मशीन रुसलं नाही. मुलं दोन तास लिहीत होती. खिडकीतून पाण्याचा वास येत होता. एर्सिलियाबाई रांगांतून फिरल्या, कुणाच्या कागदात डोकावल्या नाहीत. पेपर गोळा करताना मात्र पहिल्या बाकावरच्या मुलीचा कागद वरच होता. जुलिया बारबेरो, भातशेतकऱ्याची मुलगी, बोटं शाईने भरलेली. तिने सुरुवात केली होती: *त्यांनी शाळा सोडली नाही.* पुढचं बाईंनी वाचलं नाही. तपासणीला वेळ होता.

ओर्मेया दाराशी थांबले होते. "मी नापास झालो की काय, अध्यक्षबाई?"

"तुम्ही तिसरी चूक स्वतः शोधलीत," त्या म्हणाल्या. "मला माझी दुरुस्त करायला एकवीस वर्षं लागली, आणि तीही कुणीतरी घरी येऊन सांगितल्यावर."

त्या निळी पुस्तिका मागून घेऊन गेल्या. घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून बाईंनी काळ्या शाईने सतराव्या पानावरचं वाक्य खोडलं. वर लिहिलं, *मुसोलिनीच्या सरकारने अनेक ज्यू मुलींना शाळेतून काढून टाकलं*. समासात लिहिलं, *नोएमी जोना यांनी दुरुस्त केले*. खाली तारीख. अशा आणखी अकरा प्रती कपाटात उरल्या होत्या. त्यांनी अकराही काढल्या आणि एकेक करत सगळ्या दुरुस्त केल्या. शेवटच्या प्रतीवर अक्षर पहिल्याइतकंच सरळ होतं, सिस्टर चेलेस्तिनांनी पाहिलं असतं तर पट्टी खाली ठेवली असती. तेरावी प्रत कासालेच्या वाचनालयात होती, ती उद्या.

मग त्यांनी वही उघडली, दिवसाची नोंद पुरी केली, आणि शेवटी लिहिलं: पानिस्साचा भात उरला आहे, झाकून ठेवला. झोपायच्या खोलीला डासांची जाळी लावली. एक खिळा कमी पडला.