दोन घंटांमधले धर्माजी गुरुजी

कर्जतच्या पोरांना धर्माजी गुरुजींची नक्कल येत नसेल तर ती पोरं कर्जतचीच नव्हेत. नक्कल सोपी होती. आधी डाव्या हाताने सदऱ्याची कॉलर सरळ करायची, मग माइकला एक टिचकी, मग घसा असा खाकरायचा की जणू उल्हास नदीला पूर येतोय, आणि मग डोळे अर्धे मिटून म्हणायचं, “सन्माननीय... आदरणीय... आणि आपल्या सर्वांच्या हृदयस्थ...” एवढं झालं की समोरचा हसून लोळायचा. गुरुजींना हे ठाऊक होतं. भिसेगावच्या शाळेत चौथीच्या वर्गाबाहेर उभं राहून त्यांनी एकदा स्वतःचीच नक्कल पूर्ण ऐकली होती आणि आत जाऊन ते एवढंच म्हणाले होते, “खाकरणं कमी पडतंय, बाळा.”

परिचय करून देणं हे त्यांचं काम कोणी नेमून दिलं नव्हतं. गॅदरिंग असो, जयंती असो, पतपेढीची सभा असो, व्यासपीठावर पाहुणा बसला की लोक मागे वळून गुरुजींना शोधत. आणि गुरुजी पाहुण्याचं नाव असं घेत, की पाहुण्यालाही वाटावं, अरे, हा कोण थोर माणूस आलाय. गाव, वडील, शिक्षण, पहिली नोकरी, बांधलेली विहीर, लावलेली झाडं, काही म्हणून सुटायचं नाही.

याचं कारण गुरुजी कोणाला सांगत नसत. त्यांचे वडील धाकलू उभा जन्म लोकांच्या तोंडी ‘अरे’ होते. अरे, इकडं ये. अरे, लाकडं फोडून दे. छप्पन्न सालानंतर घरातला देव्हारा बदलला, पण हाक बदलायला वेळ लागला. गुरुजी नोकरीला लागल्यावर शाळेच्या सभेत त्यांनी वडिलांचं नाव ‘माननीय धाकलूजी’ असं माइकवरून घेतलं, तेव्हा म्हातारा शेवटच्या रांगेत उठूनच उभा राहिला. कोणाला बोलावतायत ते त्याला कळेना. तेव्हापासून गुरुजींनी ठरवून टाकलं होतं, माणसाचं नाव घ्यायचं तर पोटभर घ्यायचं.

या पोटभर घेण्यानेच गेल्या वर्षी घोळ केला.

खालापूरच्या शाळेत दर डिसेंबरात कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची आंतरशालेय वादविवाद स्पर्धा व्हायची. चिठ्ठ्या टाकून स्पर्धकांचा क्रम ठरे. गेल्या वर्षी गुरुजींनी तीन परीक्षकांचा असा परिचय करून दिला, की पहिला स्पर्धक उभा राहीपर्यंत लोकांनी चहा दोनदा घेतला. पुढचं सगळं तेवढंच पुढे सरकलं. शेवटची चिठ्ठी डोंगराखालच्या वाडीतल्या भागीची होती. तिचा नंबर यायला आणि वाडीकडे जाणारी मुक्कामाची एसटी स्टँडवर लागायला एकच गाठ पडली. ती गाडी चुकली तर सकाळपर्यंत दुसरी नाही. पोर आपला कागद दप्तरात कोंबून पळत सुटली. हॉलच्या खिडकीतून गुरुजींनी तिला गाडीत चढताना पाहिलं. तिघांची नावं पोटभर घेतली होती आणि एक पोर न बोलता उपाशी परत गेली होती.

आणि यंदा, चौऱ्याहत्तर सालीही, भागीने चिठ्ठी उचलली तर दहा नंबर. दहापैकी दहावा. ती दहावीत नव्हे, अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती. पुढच्या वर्षी शाळाच नव्हती.

“गुरजी,” ती जवळ येऊन म्हणाली, “यंदा हुईल का वं?”

“होईल गं.”

“गेल्या वक्ताला पन तुमी हेच बोललात.”

गुरुजींनी कॉलर सरळ केली.

चहाच्या टेबलापाशी मुख्य परीक्षक श्रीपतराव बसले होते. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, कर्जतचे, स्पर्धेची ढाल त्यांनीच दिलेली. बशीत चहा ओतत ते नाकातून बोलले, “हे पहा गुरुजी, आमचं जरा सविस्तर असू द्या. म्हणजे आम्हाला हौस नाही. पण मुलांना प्रेरणा मिळते. अलिबागेस असताना आम्ही जे केलं, ते एक. आणि पेणेचं वाचनालय, ते दोन. आणि सरकारकडून मिळालेली आमची मानाची सनद, ती तर तुम्ही विसरणारच नाही.”

“नाही विसरणार,” गुरुजी म्हणाले. श्रीपतराव एकदा रुसून सत्कारातून उठून गेलेले होते. हाराची फुलं शिळी होती म्हणून.

तसेच गुरुजी घंटेच्या टेबलाकडे गेले. तिथे शाळेचा शिपाई नागू मनगटी घड्याळ सोडून टेबलावर ठेवत होता. नागू म्हणजे पंचमहाभूतांनंतरचं सहावं. घंटा वाजवायची म्हटल्यावर तो सख्ख्या भावाचंही ऐकत नसे.

“नागू, यंदा पहिली घंटा माझ्यासाठी वाजव.”

“आँ?”

“स्पर्धकाला पाच मिनिटं, तर मलाही पाच मिनिटं. चार झाली की इशाऱ्याची घंटा, पाच झाली की थांबायची. परिचय आणि नियम, दोन्ही त्यात.”

नागूने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. “तुमी गुरजी? पाच मिन्टांत? तुमचं खाकरनंच तीन मिन्टांचं हाय.”

“वाजवशील ना?”

“मी वाजिवनार. मंग रडायचं नाय. मागच्या टायमाला मामलेदाराच्या पोरावर बी वाजिवली मी. त्याचा बा समोर बसला हुता.”

हॉल भरला. विषय होता, ‘कारखाना आला की गाव सुधारते’. मोहोपाड्याच्या कारखान्यांचा धूर ज्यांच्या अंगणात आणि पगार ज्यांच्या घरात येत होता, असे पुष्कळ पालक मुद्दाम आले होते. गुरुजी माइकपाशी गेले. मागच्या बाकावरची पोरं ओठ हलवत तयारच होती. पण गुरुजी खाकरले नाहीत. पोरांचा अर्धा आनंद तिथेच मावळला.

“मित्रहो, स्पर्धेचे नियम आजपासून माझ्यापासूनच लागू. नागू, घड्याळ बघ.”

हॉलभर हशा पिकला. नागूने मान डोलावली, यमाच्या कारकुनासारखी.

“प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटे. पहिली घंटा इशाऱ्याची, दुसरी थांबण्याची. त्यापुढे बोललात तर गुण कापले जातील. प्रत्येक शाळेचा एक वक्ता अनुकूल, एक प्रतिकूल. मी फक्त क्रमांक पुकारेन. आपलं नाव, आपली शाळा व्यासपीठावरून सांगायची नाही. परीक्षकांना तुमचे मुद्दे कळावेत, तुमचं आडनाव नव्हे. गुण मुद्द्यांना, मांडणीला, भाषेला आणि समोरच्याच्या खंडनाला. टीका मताची करा, माणसाची नको. परीक्षक आपापले गुण वेगळे देतील, आपसांत बोलणार नाहीत. दोघांचे गुण सारखे झाले तर मुख्य परीक्षक ठरवतील. निर्णय अंतिम.”

एका दमात. गुरुजींना स्वतःलाच कौतुक वाटलं. आता परीक्षक. रिवाज असा की मोठा मान शेवटी. म्हणून आधी इंदूबाई, मोहोपाड्याच्या मुख्याध्यापिका.

“इंदूबाईंनी कामगार वस्तीत मुलींचा पहिला वर्ग काढला.” इथे थांबायचं होतं. पण जीभ सवयीची. “आणि तो वर्ग, मित्रहो, एका कोळशाच्या वखारीत भरायचा. पहिल्या दिवशी मुली पांढऱ्या फ्रॉकात गेल्या आणि काळ्या फ्रॉकात आल्या. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या हजर.” लोक हसले, इंदूबाई लाजल्या, आणि लोक हसले की गुरुजी वितळत. आणखी दोन वाक्यं निसटली.

टण्ण. इशाऱ्याची घंटा.

“आबाजी वकील,” गुरुजी घाईने म्हणाले, “इथल्याच कोर्टात दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय असलेले. आणि आजचे मुख्य परीक्षक, ज्यांनी ही ढाल दिली, ज्यांनी अलिबागेस असताना... ते आदरणीय श्रीपतराव, ज्यांची सनद...”

टण्ण.

नागूने घंटा खाली ठेवली आणि हाताची घडी घातली.

सनद हवेतच राहिली. मागच्या बाकावरचा एक पोरगा “आता मेले” म्हणाला ते पुढच्या बाकापर्यंत ऐकू आलं. श्रीपतरावांचं नाक लांब झालं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि ते उठले. गुरुजींना हाराची शिळी फुलं आठवली. परीक्षक उठून गेला तर स्पर्धाच नव्हती. मग कसला दहा नंबर आणि कसली भागी.

“गुरुजी, वाक्य पुरं करा,” श्रीपतराव उभ्यानेच म्हणाले.

वाक्य पुरं करायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गुरुजींना आपली अर्धी मिनिटं ठाऊक होती. खिडकीजवळच्या बाकावर भागी कागदाची सुरळी आवळून बसली होती.

“माफी असावी, साहेब,” गुरुजी हलकेच म्हणाले. “दुसरी घंटा झाली. वाक्य मला इथंच कापावं लागेल.”

श्रीपतराव त्यांच्याकडे पाहत राहिले. मग नागूकडे. नागू छताकडे पाहत होता. शेवटी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बसले, पेनाचं टोपण काढलं आणि नाकातून म्हणाले, “क्रमांक एक.”

त्यानंतर स्पर्धा आगगाडीसारखी सुटली. घंटेवर घंटा. माइकवरच्या गुरुजींनाच कापलंय म्हटल्यावर कोणत्याही पोराने घंटेपुढे शब्द काढला नाही. दहा नंबर पुकारला तेव्हा मुक्कामाची गाडी समोरच्या स्टँडवर नुकती येऊन लागत होती. भागी प्रतिकूल बाजूने बोलली. म्हणाली, “गाव सुधारतं का, हे कारखान्याला इचारू नका, नदीवर धुणं धुणाऱ्या बाईला विचारा.” एका वाक्यात वाडीची बोली आणि शाळेची भाषा दोन्ही आल्या, कोणाला खटकलं नाही. इशाऱ्याची घंटा झाली, ती थांबली, घोटभर हवा घेतली, शेवटचा मुद्दा मांडला आणि दुसऱ्या घंटेच्या आत खाली बसली. बसली कसली, दप्तर उचलून दारातून गेलीसुद्धा.

परीक्षकांच्या गुणपत्रिका गोळा झाल्या. बेरजा आतल्या खोलीत सुरू झाल्या. अशा वेळी लोकांना धरून ठेवणं हे गुरुजींचं नेहमीचं काम. हॉलचा कर्णा बाहेरच्या आंब्याला बांधलेला होता, तोंड स्टँडकडे. ड्रायव्हर अजून टपरीवर चहा फुंकत होता.

गुरुजी खाकरले. असे खाकरले की मागच्या बाकावर टाळ्या पडल्या.

“गुण दिले गेले आहेत, आता नावं घ्यायला हरकत नाही. शेवटून सुरू करतो, कारण शेवटच्यांना गाडी आहे. क्रमांक दहा. कुमारी भागीरथी. वडील दामू ठोंबरे, आई चंद्रभागा. डोंगराखालच्या वाडीतून अकरावीपर्यंत आलेली पहिली मुलगी. पावसाळ्यात ओढा आडवा आला की दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत येणारी...”

स्टँडवर एसटीच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. मग शेजारच्या खिडकीतून एका आजीचं. “कुनाचं नाव घेत्यात गं?”

भागीने डोकं आत घेतलं. “माजं,” ती म्हणाली, आणि ओढणीचं टोक चावत बसली. ड्रायव्हरने चहा मुद्दामच हळू संपवला, असं कंडक्टर पुढे सांगत असे.

गाडी गेली. गुरुजी क्रमांक नऊपासून उलटे क्रमांक एकपर्यंत आले. बेरजा अजून संपत नव्हत्या. श्रीपतराव खुर्चीत सरळ झाले.

“गुरुजी, आमचं एक वाक्य राहिलं होतं.”

“होय साहेब. सनदेपाशी.”

“अलिबागेपासून घ्या.”

नागूचा हात सवयीने घंटेकडे गेला. श्रीपतरावांनी वाकून घंटा उचलली, आपल्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. गुरुजींनी कॉलर सरळ केली.