एक पान, दोन जागा

पाऊण तास मी एका फाइलमध्ये बदल करत होतो आणि ब्राउझरमध्ये दुसरीच फाइल रिफ्रेश करत होतो. तेही लातूरच्या एका कोचिंगवाल्या सरांसमोर.

मी तेव्हा जळकोटहून रोज लातूरला येऊन एका कॉम्प्युटर क्लासमध्ये उमेदवारी करत होतो. क्लास चालवणाऱ्या मॅडम मूळच्या नांदेडच्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "सरांच्या क्लासचं वेबपान नीट करून दिलंस तर पुढच्या महिन्यापासून तू शिकवायला. न्हाई तर मामाचं बियाण्याचं दुकान हायच." मामाच्या दुकानात मी दोन हंगाम काढले होते. तिसरा काढायचा नाही, हे माझं ठरलेलं होतं.

सर नांदेडला नवी शाखा उघडून राहिले होते. देगलूर, भोकरकडून येणाऱ्या पालकांना तिथल्या कॉम्प्युटरवर पान दाखवायचं, म्हणून फ्लॉपी घेऊन ते एकच्या बसनं निघणार होते.

पान काही फार मोठं नव्हतं. वर मध्यभागी क्लासचं नाव, खाली बॅचचं वेळापत्रक. नोटपॅड उघडायचं, टॅग लिहायचे, सेव्ह करताना खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडून नावापुढं डॉट एचटीएमएल लावायचं. मग त्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती ब्राउझरमध्ये उघडते. पुढं नोटपॅडमध्ये बदल, कंट्रोल-एस, ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह. बदल समोर. आदल्या आठवड्यात 'ऑल फाइल्स' विसरून मी फाइलीला डॉट टीएक्सटीचं शेपूट लावून घेतलं होतं आणि ब्राउझरऐवजी नोटपॅडच उघडतंय म्हणून मशीनला शिव्या दिल्या होत्या. आता मी स्वतःला मुरलेला समजत होतो.

पान तयार झालं, सर येऊन बसले. तेवढ्यात मी एक शहाणपणा केला. आमच्या घरी भूकंपानंतर प्रत्येक कागद दोन जागी ठेवायची सवय लागली होती. रेशन कार्डाची एक प्रत घरात, एक नांदेडला आत्याकडं. माझी मार्कशीटसुद्धा दोन गावांत राहायची. तीच सवय हाताला. मी 'सेव्ह अ‍ॅज' करून त्याच नावानं फाइल फ्लॉपीवरही ठेवली आणि कामाला लागलो.

"सहाची बॅच पाचची करा," सर म्हणाले.

केली. कंट्रोल-एस. एफ-फाइव्ह. पडद्यावर सहा.

"पाच म्हटलं मी."

"हाव सर, येतंय." पुन्हा सेव्ह, पुन्हा एफ-फाइव्ह. सहा. मी टॅग तपासले. ब्राउझर बंद करून फाइलवर परत डबल क्लिक केलं. सहा. मग ती ओळच खोडून नव्यानं लिहिली. तिथंच थांबायचं, तर मी सगळं वेळापत्रक नव्यानं टाइप केलं, सरांनी मधे सुचवलेली रविवारची परीक्षाही घातली. नोटपॅडमध्ये रविवार होता, ब्राउझरमध्ये नव्हता. सरांनी घड्याळ बघितलं.

"आमची पोरं पाचला येऊन बसत्यात," ते म्हणाले, "तुमचं पान अजून झोपलंय."

मी हटणार नव्हतो. म्हटलं, पडद्यावर फ्लॉपीवरची जुनी प्रत दिसत असेल, मशीनमधली पुन्हा तिच्यावर कॉपी करून बघतो. नोटपॅड बंद केलं. कॉपी केलं, फ्लॉपीत पेस्ट केलं. त्याच नावाची फाइल आहे, बदलू का, असं मशीननं विचारलं. माझा हात 'येस'वर.

"ठैर. हात काढ," मागून मॅडम म्हणाल्या. त्या पलीकडच्या खोलीत पोरांना शिकवत होत्या, तिथून उठून आल्या होत्या. "मघापासून तू सेव्ह केलं की फ्लॉपी करकर करते. का करते?"

मी हात काढला. त्यांनी 'नो' दाबलं आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे सी, म्हणजे मशीनमधली फाइल. आणि तू सेव्ह करून राहिलास ए वर, फ्लॉपीवर. सेव्ह अ‍ॅज केल्यावर नोटपॅड नव्या फाइलीबरोबर जातं. जुनी तशीच राहते. 'येस' केलं असतं तर सगळी मेहनत गेली असती."

त्यांनी फ्लॉपीवरची फाइल ब्राउझरमध्ये उघडली. पाचची बॅच, रविवारची परीक्षा, सगळं होतं. मी म्हटलं, "मॅडम, पुन्हा एकदा करून दाखवू?"

दाखवलं. या वेळी पत्ता आधी बघितला. क्लासचं नाव निळं केलं, सेव्ह, एफ-फाइव्ह, निळं. पुन्हा काळं केलं. सरांनी फ्लॉपी खिशात घातली.

"एक तारखेपासून ये," मॅडम मला म्हणाल्या. "पहिले पंधरा दिवस मी मागं बसणार."

सर दारात थांबले. "मॅडम, असल्याला आमच्याकडं रिपीटर बॅचमध्ये बसवतात," म्हणाले, "शिकवायला न्हाई."