पाव मिनिट

'१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार. थंडी. खडीच्या कामावर खोकल्याची अकरा बाळं पाहिली. छबूबाईची मुलगी, पाच महिन्यांची : श्वास चाळीस. चिंता नाही.'

मिशनच्या दवाखान्यातल्या सारा नर्सबाई आठवड्यातून दोनदा एसटीने जामखेडच्या अलीकडे, दुष्काळी कामावर उतरत. बाभळीखाली झोळ्या टांगलेल्या असत. खोकणारं बाळ आधी शांत होऊ द्यायचं, झबलं वर करायचं, मग सेकंदकाट्यावर पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, असं त्या नव्या नर्सेसना बजावत.

त्या सोमवारी छबूबाईची पाळी शेवटी आली. जेवणाची सुट्टी संपत होती.

"बाई, उरका! खडी काय तुमचे येशूबाबा फोडनार?" मुकादम कारभारीने शिट्टी फुंकली.

बाळ लुगड्याच्या तुकड्यात गच्च गुंडाळून झोपलेलं. साराबाईंनी पाव मिनिट मोजलं. दहा चोक चाळीस.

"आत्या म्हंत्यात, पोट उडतंय. तापल्या विळ्याचा डाग द्यावा," छबूबाई सासूचा निरोप सांगत म्हणाली.

"डागबिग काही नको. पन्नासच्या वर गेले असते तर काळजी. चाळीस म्हणजे चांगलं, सांग त्यांना. अंगावर पाजत राहा."

गुरुवारी साराबाई एसटीतून उतरताच छबूबाईची सासू मालनबाई बाळाला घेऊन समोर आली. मागे छबूबाई. बाळ रडत नव्हतं, पीतही नव्हतं. साराबाईंनी कापड सोडलं. दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊन खळगा पडत होता. त्यांनी पूर्ण मिनिट मोजलं. बहात्तर. मध्येच श्वास थबके, मग भराभर सुटे. सोमवारचं पाव मिनिट बहुधा त्या थबकण्यातच गेलं होतं. आणि कापड त्यांनी सोडलंच नव्हतं.

"तुमीच म्हनला, चाळीस, चांगलं," मालनबाई म्हणाली. "म्हनून मी गप ऱ्हायले. न्हाईतर डाग देऊन का हुईना, कवाच उचलून दवाखान्यात न्हेली असती."

साराबाईंनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. कारभारीने कुणी न सांगता खडीचा ट्रक रिकामा करवला. "म्होरं बसा, माय," एवढंच तो छबूबाईला म्हणाला.

तालुक्याच्या वाटेवर साराबाई मोजत राहिल्या. साठ. मग चाळीस.

"किती झालं, बाई?"

"चाळीस."

"मंग चांगलं ना?" छबूबाईचा चेहरा उजळला.

बाळ दमलं होतं. आता श्वास उतरणं चांगलं नव्हतं, हे साराबाईंना ठाऊक होतं. त्यांनी छबूबाईचा हात धरला. चाळिसाचे वीस झाले, विसाचे आठ. दवाखान्याच्या फाटकाशी ट्रक थांबला तेव्हा मोजायला काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर साराबाईंनी डायरीतलं सोमवारचं पान काढलं. 'चाळीस' खोडलं नाही, शेजारी लिहिलं : 'पाव मिनिटच मोजले. कापड सोडले नाही.' मग गुरुवारच्या पानावर सगळं, वेळेसकट. शेवटची ओळ रोजच्यासारखी पाण्याची होती :

'रांजणात दोन हंडे पाणी. उद्या विहिरीवर आपला नंबर सातवा.'