दुसऱ्या कॅनमधलं माप

राममूर्ती राव आमच्या साइटचे सुपरवायझर. साठीला टेकलेले, कपाळावर गोपीचंदन, खिशात टेप आणि बोलणं माझ्या पणजोबांनाही जुनं वाटेल असं मराठी. त्यांचं घराणं तंजावरचं, पण त्यांचा जन्म चेन्नईतलाच. मी सांगलीहून इथे इंजिनिअर म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं, की माझं मराठी फार घाईचं आहे, निम्मं त्यांना कळतच नाही. मी मनात म्हटलं, चला, तमिळ कळत नाही ते कळत नाहीच, आता मराठीही गेलं.

तरी साइटवर माझी भाषा तेच होते. मी मराठीत बोलायचं, त्यांनी ते गवंड्यांना आणि मजूर बायकांना तमिळमध्ये सांगायचं, आणि त्यांचं उत्तर मला परत मराठीत. तीन वर्षांत मी तमिळ शिकले नाही याचं कारण आळस, दुसरं काही नाही. राव काका शेजारी उभे असले की शिकायची गरजच पडायची नाही.

माणूस मनानं मोठा, आणि तिथेच सगळी गोची झाली. इथला भाजीवाला भाजी तोलून झाली की वर मूठभर कढीपत्ता, दोन मिरच्या फुकट टाकतो. त्याला इथे कोसुरू म्हणतात. राव काकांना प्रत्येक गोष्टीत कोसुरू घालायची सवय होती. मी सळ्या सहा इंचांवर बांधायला सांगितल्या तर ते पाच इंचांवर बांधून घ्यायचे. पाणी सात दिवस मारायचं तर ते दहा दिवस मारायचे. बहुतेक वेळा त्यात नुकसान नसायचं, म्हणून मी हसून सोडून द्यायची.

अंबत्तूर इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसचं काम चाललं होतं. मे महिना, ऊन असं की सळईला हात लावला तर फोड यावा. गच्चीचा स्लॅब टाकायचा होता. एवढ्या उन्हात काँक्रीट वर पोचेपर्यंत आवळून बसतं आणि मग गवंडी गुपचूप पाणी ओततात, म्हणून मी सेटिंग, म्हणजे माल घट्ट होणं, थोडं लांबवणारं प्लास्टिसायझर नावाचं औषध ड्रममधून मागवलं होतं. त्याचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या अर्धा टक्का. म्हणजे एका गोणीला पाव किलो, आणि ते द्रव पाण्याहून जड असल्यामुळे मापात दोनशे मिलीच्या जरा वर. मी प्लास्टिकच्या मगवर मार्करनं रेघ मारून दिली. ड्रम आधी हलवून घ्या, तळाला गाळ बसतो. कोरड्या सिमेंटवर ओतू नका, निम्म्याहून जास्त पाणी आत गेलं की उरलेल्या पाण्यातून घाला. आणि पाणी कमी करायचं आहे हे विसरू नका, नाहीतर औषधही घालाल आणि पाणीही, आणि माल खिरीसारखा होईल. हे सगळं मी राव काकांना सांगितलं, त्यांनी ते वसंताला सांगितलं.

वसंता मिक्सरवर माप घालायची. तिरुवण्णामलैकडची, चाळिशीची, नवरा नाही. घमेली वाहणाऱ्या बायकांतून तिला राव काकांनीच मापावर आणलं होतं, कारण तिचा हात रेघेच्या वर जात नाही आणि खाली राहत नाही. या बढतीचा तिला केवढा अभिमान. तो मापाचा मग ती रोज घरी नेऊन धुऊन आणायची.

स्लॅबच्या दिवशी मी वर होते. खाली मिक्सरवर राव काका आणि वसंता. माल छान येत होता, पसरत होता, गवंडी खूश. जरा जास्तच पसरतोय असं एकदा मनात आलं, स्लॅबवर मधेमधे पाणी वर येऊन थांबलेलंही दिसलं. मी खाली ओरडून पाणी कमी करायला सांगितलं आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले आणि सहज अंगठा दाबला. अंगठा आत गेला. चार ठिकाणी दाबला, चारही ठिकाणी गेला.

प्लास्टिसायझर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, डोस जास्त गेला का, आणि दुसरा, सोबत आणखी काही घातलं का. मी वसंताला बोलावलं. राव काका मधे उभे राहिले. ती तमिळमध्ये बरंच काही बोलली, हातवारे करून, दोनदा दोन वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवून. राव काकांनी मला सांगितलं, "रेघेपर्यंत एक माप घातलें म्हणते."

मला संताप आला. एक माप घातलं असतं तर माझा अंगठा आत कसा गेला असता? मी म्हटलं, हिनं गप्पा मारत दोन-दोन मग ओतलेत, हिला सांगा, उद्यापासून येऊ नकोस. राव काकांनी तिला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मापाचा मग तिनं धुऊन तिथेच ठेवला आणि गेली. मी फोनवर त्या माणसाला सांगून टाकलं की फक्त डोस दुप्पट झालाय, दुसरं काही नाही.

त्यानं सांगितलं तसं आम्ही केलं. स्लॅबवर कुणाला चढू दिलं नाही, वरून ओली पोती आणि प्लास्टिक अंथरलं, म्हणजे उन्हानं वरचा थर वाळून तडकू नये. टेकू काढायची तारीख पुढे ढकलली. मालक स्लॅब फोडा म्हणत होता, त्याला मी हातापाया पडून थांबवलं. राव काका त्या दिवसांत जेवायला घरी गेले नाहीत, जिन्यात बसून राहायचे. मला वाटलं, वयामुळे टेन्शन घेतायत. मी त्यांना चहा पाजला आणि वर चिडवलंही, की काका, काँक्रीट पाळण्यात झोपलंय, उठेल हळूहळू.

आणि उठलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खिळा मारला तर तो वाकला. ताकद तपासायला त्याच मालाचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून ठेवले होते; लॅबमध्ये सात दिवसांचा क्यूब जरा कमी आला, पण अठ्ठावीस दिवसांचे क्यूब हवा त्याहून जास्त भार घेऊन फुटले. लॅबच्या बाहेर मी राव काकांना पेढा द्यायला गेले, तर ते पेढा हातात घेईनात.

"मॅडम, वसंतेनं माप चुकवलें नाहीं," ते म्हणाले. "मीं चुकवलें."

मग सगळं बाहेर आलं. मागच्या साइटवर टाकीच्या कामातून वॉटरप्रूफिंगच्या द्रवाचा एक कॅन उरला होता. गच्चीला पुढे गळती लागू नये म्हणून त्यांनी तो मिक्सरपाशी आणून ठेवला आणि वसंताला सांगितलं, ड्रममधलं एक माप, वर या कॅनमधलं एक. मला सांगायचं नाही, पावसाळ्यात गच्ची कोरडी राहिली की मग सांगून चकित करायचं. दोन्ही द्रवांत बहुधा एकाच जातीचं रसायन असतं, दोन्ही काँक्रीट पातळ करतात आणि दोन्ही सेटिंग लांबवतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवं काही मिसळायचं तर आधी एक घमेलं करून बघायचं असतं, तेही केलं नाही. चांगल्यात चांगलं घातलं तर वाईट कसं होईल, असा त्यांचा हिशेब.

इथवर मी समजून घेतलं असतं. असल्या चुका मोठमोठ्या साइटवर होतात. पण मी विचारलं, त्या दिवशी वसंता काय म्हणाली होती?

"दोन गोष्टी म्हणाली. ड्रमांतलें एक, मीं दिलेल्या कॅनांतलें एक. मीं तुम्हांस एकच सांगितली." ते रस्त्याकडे बघत होते. "आणि तिला सांगितलें, तुझें माप चुकलें म्हणून."

मी विचारलं, इतके दिवस का नाही बोललात? ते म्हणाले, स्लॅब बसेपर्यंत नोकरीची भीती होती. बसल्यावर वाटलं, आता कुणाचंच नुकसान नाही, गप्प राहावं. पण गप्प राहून घास उतरेना. रोज सकाळी मिक्सरपाशी दुसरीच बाई माप घालताना दिसते आणि त्यांना तिकडे बघवत नाही. घरी बायकोला, सरोजाला सांगितलं, तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मी बरंच बोलले त्यांना, वडिलांच्या वयाचा माणूस आहे हे विसरून बोलले. मग स्वतःचीही लाज वाटली. हातवारे करून दोन दिशांना बोट दाखवणारी बाई माझ्यासमोर उभी होती, मला तेवढंही वाचता आलं नव्हतं.

वसंता इरुंगाट्टुकोट्टैला एका कारखान्याच्या कंपाउंडवर काम करत होती. आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. ती खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन चालली होती. राव काकांना बघताच थबकली, घमेलं खाली ठेवलं आणि धावत आली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो मला तमिळ न येताही कळला, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता. स्लॅब पडला का, असं ती विचारत होती.

महिनाभर ती याच भीतीत जगली होती, हे राव काकांनी मला मराठीत सांगितलं. आपल्या हातून माप जास्त गेलं, त्या ऑफिसात माणसं बसतील आणि एक दिवस ती गच्ची त्यांच्यावर येईल. नव्या मुकादमानं तिला मापावर उभं राहायला सांगितलं होतं, तिनंच नको म्हटलं. खडी वाहिली तर कुणी मरत नाही, असं त्याला सांगितलं.

राव काकांनी तिला सगळं सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं, आणि प्रत्येक वाक्य मला मराठीत परत सांगत. कॅन कुणी आणला, का आणला, ती काय म्हणाली होती आणि त्यांनी मला काय सांगितलं होतं. ती ऐकत राहिली. माझं माप बरोबर होतं ना, एवढंच तिनं विचारलं. ते हो म्हणाले. तिनं पदरानं चेहरा पुसला.

मी राव काकांना म्हटलं, हिला सांगा, परत ये, आणि माझं चुकलं म्हणून सांगा. त्यांनी सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहून नको अशी मान हलवली, रागानं नाही. मग त्यांच्याकडे वळून एकच वाक्य बोलली आणि घमेलं उचलायला गेली.

मी विचारलं, काय म्हणाली? त्यांना टाळता आलं असतं. मला तमिळ येत नव्हतंच.

"म्हणाली," ते म्हणाले, "मॅडमना आमची भाषा येत नाहीं, त्यांचा काय दोष. तुम्हांस तर दोन्ही येत होत्या."