देवकापसाच्या बाह्या

नालवाडीत आमच्या शेजारी अन्नपूर्णाकाकू राहायच्या. दुपारी त्यांचा चरखा सुरू झाला की ऐकणाऱ्याला झापड यायची. अंगणातल्या देवकापसाच्या झाडाखाली कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि त्यातच काकू, अर्ध्या जागेपणी हसणाऱ्या. ते झाड त्यांच्या लेकीनं, कोकिळेनं, लहानपणी लावलेलं.

कोकिळेला पचमढीच्या शाळेत नोकरी लागली. तिथं थंडी फार. काकूंनी ठरवलं, त्याच झाडाच्या सुताचा पुऱ्या बाह्यांचा स्वेटर तिच्या अंगात घालूनच तिला गाडीत बसवायचं. मासिकात नमुना होता, पण सूत किती लागेल ते छापणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

काकूंनी चार तारांना एकत्र पीळ दिला आणि त्या चौपदरी दोऱ्याचा वीतभर चौकोन विणला. सूत आटतं म्हणून तो धुऊन, वाळवून पुन्हा मापला. कोकिळेच्या पोलक्यावरून स्वेटरचे भाग कागदावर काढले, त्यांत असे किती चौकोन बसतात ते पाहिलं. मग चौकोन उसवून दोरा सूत मोजायच्या फाळक्यावर गुंडाळला, एका वेढ्याचा एक असे तार मोजले. घरात कातून ठेवलेल्या सुताच्या गुंड्यांतल्या तारांशी ताळा केला आणि कोकिळेला म्हणाल्या, “अडीच स्वेटर होतीन. मफलरही करतो तुले.”

त्या दिवसांत काकू विणताना पचमढीचे डोंगर पाहून यायच्या. कधी गेल्या नव्हत्या, तरी. पाठ झाली, पोट झालं, गळा झाला. बाह्यांसाठी सुताच्या पेटीत हात घातला, तर पेटी रिकामी.

गाडी दुसऱ्या दिवशी होती.

“असं काऊन झालं?” काकू पुटपुटत राहिल्या. कोकिळेनं फाळका हातात घेतला आणि तिला हसू आलं. “आई, गुंडीतला तार एकपदरी. चौकोनातला चौपदरी. तू दोन्ही सारखेच धरले. अडीचले चारानं भाग.”

जन्मभर एकपदरी तार मोजलेली बाई. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “लेकीले उघड्या हातानं पाठवून राह्यली मी.”

“झाडाले बोंडं येतीनच की,” कोकिळा म्हणाली आणि तसाच बिनबाह्यांचा स्वेटर घालून गेली. मला तिचं कौतुक वाटलं आणि काकूंची कीव आली.

बोंडं फुटली. काकूंनी कातलं, या वेळी आधी चारानं गुणून. दोन्ही बाह्या झाल्या, वर थोडं सूतही उरलं. मी म्हटलं, “पार्सल करून देऊ?”

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच ओशाळले.

“पोस्टातले लोक जोडून देतीन काय?” त्या म्हणाल्या. “बाह्या अंगावरच बेतून जोडा लागते. तिले लिही, येजो म्हणा.”

बाह्या उशाशी घेऊन त्या झाडाखाली आडव्या झाल्या. मी पत्र लिहायला बसले.