दुसऱ्या नंबरावरची बाकं

आमच्या हेडसरांना खोटं बोलता येत नसे, फक्त लिहिता यायचं. आणि तेही वर्षातून एकदाच, देणगीदाराच्या पत्रात. ती सगळी पत्रं टाईप केली मी. एकोणीस वर्षं या शाळेत क्लार्क आहे, त्यातली अकरा त्यांच्या हाताखाली. म्हणून म्हणते, त्या प्रकरणात निम्मं पाप माझंही आहे.

हेडसर म्हणजे उंच, बारीक, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. आवाज मात्र असा दणदणीत, की मैदानाच्या या टोकाला "रांग!" म्हणाले की त्या टोकाचं पोर सरळ उभं राहायचं. शेजारच्या चक्कीवाल्याची तक्रार होती, की चक्की चालू असताना गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळत नाही, पण हेडसर काय म्हणताहेत ते कळतं. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

त्यांचा जीव पहिलीच्या वर्गात अडकलेला. छत्तीस पोरं, आणि बाक एकही नाही. वरच्या सगळ्या वर्गांना बाकं होती, पण ती मोठ्यांची. त्यावर बसवलं तर पहिलीची पोरं नाकापर्यंत बुडायची. म्हणून ती फरशीवर. वही गुडघ्यावर धरायची, गुडघा हलायचा, अक्षर घसरायचं. थंडीत तर पोरं एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर कलत बसायची. हेडसर रोज सकाळी पाच मिनिटं त्यांच्यात जाऊन बसत आणि उठताना भिंतीला धरत. ऑफिसात येऊन म्हणत, "बाई, गुडघ्यावर लिहायला लावायचं आणि अक्षर वाईट म्हणून ओरडायचं. लाज नाही का आपल्याला?"

"मला कशाला विचारता?" मी म्हणायची. "शेठला विचारा."

शेठ म्हणजे लोखंडाचे व्यापारी. त्यांची संस्था दरवर्षी शाळेला वस्तू द्यायची. पैसे हातात नाही द्यायचे, आपण यादी पाठवायची. वस्तू, नग, अंदाजे दर, एकूण, प्राधान्यक्रम आणि गरजेचं कारण. सोबत तीन दुकानांची दरपत्रकं. मग मंजूर झालेली वस्तू दुकानातून थेट शाळेत, बिल संस्थेकडे, आणि माल मिळाल्याच्या पावतीवर हेडसरांची सही.

पहिल्या वर्षी हेडसरांनी भाबडेपणानं बाकं एक नंबरावर घातली. आली भिंतीवरची घड्याळं, चौथ्या नंबरावरची. दुसऱ्या वर्षी पुन्हा बाकं एक नंबरावर, आले पंखे. हेडसर स्वतः भेटायला गेले तेव्हा शेठ मोठ्यानं हसले म्हणे. "मास्तर, पहिला भाव कुणी देतं का? पहिला सांगायचा असतो, दुसरा घ्यायचा असतो."

झालं! त्या दिवसापासून हेडसर हुशार झाले. तिसऱ्या वर्षी एक नंबरावर ढालींसाठी काचेचं कपाट घातलं. आमच्या शाळेकडे ढाल एकच, तीही चमचा-लिंबूची. दोन नंबरावर वर्गातले फळे. शेठनं कपाटावर काट मारली आणि फळे पाठवले. नंतर दरवर्षी तसंच. एक नंबरावर कापून घ्यायची वस्तू, दोन नंबरावर हवी ती. पाण्याची टाकी, नकाशे, ट्यूबलाईट, सगळं दोन नंबरानं आलं. फक्त बाकं नाहीत. शेठ वर्षाला वीस हजारांच्या पुढं जात नसत आणि सगळी बाकं त्यात मावत नसत. चार-पाचच मागवली तर पोरांत भांडणं लागतील, असं हेडसर म्हणत.

आणि हेडसरांच्या निवृत्तीच्या वर्षी संस्थेचं पत्र आलं, यंदा नव्वद हजारांपर्यंत मागणी पाठवावी. हेडसरांनी ते पत्र मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. अठरा बुटकी बाकं, दोन पोरांचं एक, दर चार हजार दोनशे, एकूण पंच्याहत्तर हजार सहाशे. चक्क मावत होती!

"मग यंदा तरी एक नंबरावर घाला," मी म्हटलं.

"वेड लागलंय का, बाई? अकरा वर्षांचा अनुभव आहे." त्यांनी लाल पेन उघडलं. "एकदम भारी काहीतरी पाहिजे. बघताक्षणी कापावंसं वाटलं पाहिजे."

ते भारी काहीतरी म्हणजे माईक. दोन स्पीकर, अँप्लिफायर, दोन माईक, एक संच, पंच्याऐंशी हजार. प्राधान्य एक. बाकं दोन नंबरावर, दोन लोखंडी कपाटं तीन नंबरावर. आणि माईकच्या पुढं गरजेचं कारण म्हणून हेडसरांनी असं काही लिहिलं, की टाईप करताना माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. 'ध्वनिक्षेपकाअभावी मागच्या रांगेतील बालकांपर्यंत मुख्याध्यापकांचा आवाज पोहोचत नाही व ती मार्गदर्शनापासून वंचित राहतात.'

"सर, चक्कीवाल्यानं हे वाचलं तर?"

"तुम्ही टाईप करा," ते म्हणाले. पण कानाची पाळी लाल झाली होती. बाकांपुढं कारण लिहिलं एकच ओळ. म्हणाले, जास्त लिहिलं तर शेठला संशय येतो.

जावक क्रमांक घातला, पत्र गेलं. आम्हाला काय माहीत, शेठ आजारपणामुळं घरी बसलेत आणि संस्थेचा कारभार त्यांच्या सुनेकडं गेलाय!

उत्तर आलं तीन आठवड्यांनी. साधं, सरळ, वाचून हात जोडावेत असं. 'आपली शाळा आपल्याइतकी कुणाला माहीत? आपला प्राधान्यक्रम बदलण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्यामुळे आपल्याच क्रमाने, निधी संपेपर्यंत, वस्तू मंजूर केल्या आहेत. माईक संच एक. उरलेल्या पाच हजारांत बाक, नग एक. दुकानदारांना ऑर्डर दिली आहे.'

हेडसर बराच वेळ त्या 'नग एक'वर बोट ठेवून बसले. मला हसूही येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. शेवटी दयेनं तोंड उघडलं. "फोन करा. सांगा, अदलाबदल करा म्हणावं."

"काय सांगू? की कारण लिहिलं ते खोटं? नऊ वर्षं लिहितोय ते खोटं?"

"पोरांसाठीच लिहिलंत ना?"

"पोरांना बाक आलं का?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, की तिसरीचा वर्ग गप्प झाला.

त्यांनी फोन केला नाही. याचा मला राग आला, आजही आहे. अहो, लाज महत्त्वाची की फरशी गार आहे ते? दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तोवर टेम्पो आला. हेडसरांनी माल मोजला, पावतीवर सही केली. एक संच, एक नग.

ते बाक पहिलीत ठेवलं आणि वर्गात भांडणं पेटली. पहिलीच्या टीचरनी पाळी लावली, रोज दोघं. छत्तीस पोरं, म्हणजे अठरा दिवसांनी एकदा नंबर. ज्यांची पाळी असायची ती पोरं केस नीट विंचरून यायची. एका मुलीची पाळी होती त्या दिवशी तिला ताप आला, तर आईला घेऊन आली, बाकावर तासभर बसली आणि मग घरी गेली. हेडसरांनी हे दारातून पाहिलं. त्या दिवशी ते पहिलीत आत गेले नाहीत.

महिन्याभरानं शेठची सून स्वतः आली, माईकचं उद्घाटन करायला. तिशी-पस्तिशीची, साधा ड्रेस, हातात आमचंच पत्र. मैदानात सगळी शाळा बसवली होती. पहिलीवाले पुढं, जमिनीवरच, त्यांना सवय. मंचाशेजारी ते एक बाक फुलं घालून मांडलेलं, त्यावर संस्थेच्या नावाची पट्टी.

तिनं हेडसरांना माईक दिला. "सर, आता तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचू दे," ती मनापासून म्हणाली.

हेडसरांनी माईक तोंडाशी धरला. मी मागं उभी, मला वाटलं, आभार मानतील, सुटतील. त्यांनी माईक खाली केला, पुन्हा वर धरला.

"मुलांनो, मागच्या रांगेला माझा आवाज कधी ऐकू आला नाही, असं झालंय का?"

"नाही सर!" चारशे पोरं ओरडली. सगळी खूश, बरोबर उत्तर दिलं म्हणून.

"म्हणजे मी या मॅडमना खोटं लिहिलं. आपल्याला माईक नको होता. बाकं हवी होती. पहिला नंबर कापतात, या हिशोबानं मी माईक वर घातला आणि तुमची बाकं खाली. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. चूक माझी आहे." दोन्ही स्पीकरांतून शब्द न् शब्द स्वच्छ आला. माईक एक नंबर होता, तेवढं खरं.

माझी मान खाली गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, भाषण संपलं की वाजवायच्या असतात म्हणून. शेठच्या सुनेनं हातातल्या पत्राची घडी घातली.

"सर, यंदाचा निधी संपला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी खरी यादी पाठवा."

"पुढच्या वर्षी मी नसेन."

"मग लिहून ठेवून जा."

शेवटच्या दिवशी हेडसरांनी मला पत्र सांगितलं. तारीख कोरी, सही नव्या हेडसरांसाठी कोरी. वस्तू एकच. बुटकी बाकं, नग सतरा, दर चार हजार दोनशे, एकूण एकाहत्तर हजार चारशे. प्राधान्य एक. गरजेच्या कारणाशी मी थांबले, आता अर्धं पान सांगतील म्हणून.

"पोरं फरशीवर बसतात," ते म्हणाले. "बस. एवढंच लिहा."

नव्या हेडसरांनी सही केली, दर वाढले होते तो फरक शेठच्या सुनेनं सोसला, आणि सुट्टीनंतर महिन्याभरात सतराच्या सतरा बाकं आली. जुन्या एकाला धरून अठरा. मी हेडसरांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी आले. खिशाला तीच दोन पेनं. पहिलीच्या दारात उभं राहून त्यांनी सगळी बाकं बोटानं मोजली. नवी छत्तीस पोरं कोपरं टेकून लिहीत होती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मी चहा सांगायला गेले. परत आले तर हेडसर ऑफिसात, त्यांच्या जुन्या खुर्चीत नाही, समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेले.

"मागच्या वर्षीची छत्तीस कुठं बसतात?" त्यांनी विचारलं.

"दुसरीत, वर. तिथं बाकं आहेतच की."

"अक्षर कसंय त्यांचं?"

दुसरीच्या टीचरची त्या अक्षराबद्दलची रोजची कुरकुर मला पाठ होती. चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. "सुधारलंय, सर," मी म्हटलं. "खूपच सुधारलंय."

त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला.

"आत्ताच वर जाऊन वह्या बघून आलो, बाई," ते म्हणाले.